मेंदीतली कोयरी आणि मोर
> फोटोतल्या नवरीच्या हातावर कोयरी, मोर, जाळी आहे. याला काही अर्थ असतो का?

असतो, पण सगळ्याला नाही. मनगटाजवळची मोठी कोयरी नीट बघा, तिच्या पोटात आणखी एक छोटी कोयरी काढली आहे. फळ आणि आतलं बीज, म्हणून ती भरभराटीची, वंशवाढीची खूण मानतात. मोर प्रेमाचा आणि पावसाच्या आनंदाचा. इथे एकच दिसतोय, त्याचा जोडीदार बहुधा दुसऱ्या तळव्यावर असेल; हात शेजारी धरले की जोडी पूर्ण होते. ही रचना मला फार आवडते.

जाळी मात्र मुख्यतः जागा भरायला. नवऱ्याचं नाव लपवलं असेल तर तिच्या चौकटींत शोधा. बोटांची टोकं भरीव ठेवलीत, कारण तिथली कातडी जाड असल्याने रंग गडद चढतो.