ग्रहण सिद्धांत: मध्य प्रांत-वऱ्हाडचा मोटार कायदा

> घटनेआधीचा कायदा मूलभूत हक्कांविरुद्ध ठरला की संपला ना? मग घटनादुरुस्तीने जिवंत कसा होतो?

संपत नाही, ग्रहण लागल्यासारखा फक्त झाकोळतो; ग्रहण सिद्धांताची हीच गोम आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या मोटार कायद्यातल्या १९४७च्या दुरुस्तीने सरकारला प्रवासी मोटार वाहतूक पूर्णपणे आपल्या हाती घेता येत होती. २६ जानेवारी १९५० पासून ही तरतूद घटनेच्या कलम १९(१)(छ)मधल्या धंद्याच्या हक्काला आडवी आली. जून १९५१ मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीने १९(६)मध्ये सरकारी मक्तेदारीला वाट दिली. त्यावर 'मेलेला कायदा उठत नाही' असा मोटारमालकांचा युक्तिवाद होता. भिकाजी नारायण धाकरस खटल्यात (१९५५) सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: कायदा फक्त नागरिकांपुरता झाकोळला होता, जुन्या व्यवहारांना आणि कलम १९चं संरक्षण नसलेल्या परकीयांना तो लागूच होता. अडसर हटला, अंमल सुरू. मात्र मधल्या सतरा महिन्यांना तो मागाहून लागू होत नाही.

घटनेनंतरच्या कायद्याला ही सवलत नाही. कलम १३(२) असा कायदा करूच नका म्हणतं, म्हणून दीपचंद खटल्यात (१९५९) तो जन्मतःच शून्य ठरला. पुढे अंबिका मिल्स खटल्यामुळे (१९७४) ही रेषा थोडी पुसट झाली, ते वेगळंच प्रकरण.

विभाज्यतेचा प्रश्न निराळा: तिथे दोष कायद्याच्या एका तुकड्यात असतो. तो कापल्यावर उरलेलं स्वतंत्रपणे चालतं का आणि विधिमंडळाने तेवढंच केलं असतं का, हे पाहतात.