प्रतिसाद: भरितासोबतची कच्ची पात

"सून चौथ्या महिन्यात आहे. शेतात भरीत पार्टी आहे. कांद्याची पात मिठाच्या पाण्यात धुऊन दिली तर चालेल ना? उरलेलं भरीत दुसऱ्या दिवशी?"

ताई, सुनबाईला कच्ची पात देऊ नका. मिठाच्या पाण्याचा इथे उपयोग नाही. मळ्यात मांजरं फिरतात, त्यांच्या विष्ठेतून पोटातल्या बाळाला धोक्याच्या टोक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीची अंडकवचं मातीत पडतात आणि ओलसर मातीत कित्येक महिने टिकतात. मीठ, व्हिनेगर, क्लोरीन यांनी ती मरत नाहीत. वाहत्या पाण्याखाली चोळून ती निघतात, पण पातीची पानं गड्ड्याजवळ जिथे एकमेकांत शिरलेली असतात तिथेच माती अडकते. एक पात उकलून बघा, आत काळी रेघ दिसेल. उष्णतेने मात्र ती मरतात. म्हणून तिच्या वाटची पात धुऊन, चिरून शेंगदाणे-मिरचीच्या फोडणीतच चांगली परतून घ्या. आपल्या भरितात पात पडतेच, चवीत काही उणं राहणार नाही.

उरलेल्या भरिताची भीती वेगळी, लिस्टेरियाची. हा जंतू फ्रीजच्या थंडाव्यातही हळूहळू वाढतो आणि वासावरून कळत नाही. भरीत दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वाफा निघेपर्यंत सगळीकडून गरम करा. कोमट करून कळण्याच्या भाकरीबरोबर देऊ नका. गरोदरपणात लिस्टेरियाची लक्षणं साध्या तापासारखी, अंगदुखीसारखी असतात, पण बाळाला धोका मोठा. ताप आलाच तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि काय खाल्लं होतं तेही सांगा.