स्कुटारीचं पत्र: ब्रश आले, मृत्यू थांबले नाहीत

> नाइटिंगेलबाईंनी साफसफाई सुरू केल्यावर मृत्यू लगेच घटले ना?

लगेच नाही. क्रिमियन युद्धात फ्लोरेन्स नाइटिंगेल इस्तंबूलजवळच्या स्कुटारीत, ब्रिटिश लष्कराच्या इस्पितळात परिचारिकांच्या प्रमुख होत्या. तिथून १४ नोव्हेंबर १८५४ ला लंडनचे शल्यचिकित्सक डॉ. बोमन यांना लिहिलेल्या पत्रात त्या म्हणतात, बिछान्यांची रांग चार मैल, मधलं अंतर १८ इंचसुद्धा नाही. तस्त, टॉवेल, साबण, झाडू काहीच नाही, म्हणून घासायचे ३०० ब्रश मागवलेत. फरशी घासली गेली, पण खालची गटारं तुंबलेलीच होती. थंडीत ताप, हगवण वाढली आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूंनी कळस गाठला. मार्चमध्ये सरकारी स्वच्छता आयोग आला, त्यांनी गटारं उपसली, भिंतींना चुना दिला, खेळती हवा केली. त्यानंतर आकडे झपाट्याने उतरले. बाईंना स्वतःला हे युद्धानंतर आकडेवारी तपासताना नीट उमगलं, असं मला वाटतं.