मदत हवी आहे: स्लॅब घातलेला कपॅसिटर दुसऱ्याला जोडला, तर १५ मायक्रोज्यूल गेले की ३?

अश्विनी_सोलापूर
नमस्कार. मी बारावीला आहे. सात रस्त्याजवळच्या अभ्यासिकेत कालपासून या एका गणितावर अडकून बसले आहे.

हवेचा ३०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आहे, प्लेटांमध्ये अंतर ४ मिमी. तो ४०० व्होल्टपर्यंत चार्ज करून बॅटरी काढून घेतली. मग ३ मिमी जाडीचा, K = 3 असलेला स्लॅब आत सरकवला. स्लॅबची लांबी-रुंदी प्लेटेएवढीच आहे. त्यानंतर त्याला २०० पिकोफॅरडचा, अजिबात चार्ज नसलेला कपॅसिटर जोडला. जोडताना किती ऊर्जा गेली, असा प्रश्न आहे.

मी सुरुवातीची ऊर्जा काढली, ती २४ मायक्रोज्यूल आली. शेवटी दोघांची मिळून ९ येते. म्हणजे १५ गेले. पण मागे उत्तर ३ दिलंय. उत्तर चुकीचं छापलंय का? आणि दुसरी शंका अशी की गणितात रेझिस्टन्सचा कुठे उल्लेखच नाही. मग उष्णता झाली तरी कशात?

रोहन_दुसरा_अटेम्प्ट
उत्तर छापताना चुकलंय असं मलाही वाटतंय, पण १५ सुद्धा बरोबर नाही. प्रश्न "जोडताना" किती गेली असा आहे. म्हणजे स्लॅब आत गेल्यानंतरच्या ऊर्जेपासून मोजायचं, २४ पासून नाही.

आता ४ पैकी ३ मिमी भरलंय, म्हणजे पाऊण भाग स्लॅब आणि पाव भाग हवा. दोन्ही पॅरलल धरले की २२५ चे तिप्पट ६७५, अधिक ७५, एकूण ७५० पिकोफॅरड. त्यावरून जोडण्याआधी ९.६ आणि नंतर साधारण ७.६ येतात. म्हणजे २ मायक्रोज्यूल गेले.

मोटर_वाइंडिंगवाले_काका
पोरी, पंख्याचा कंडेन्सर बदलतेस का? तो जुना काढून तसाच दुसऱ्याला टेकवू नकोस. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत लूमच्या मोटरी बघण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. भरलेल्या कंडेन्सरला रिकामा कंडेन्सर नुसत्या वायरनं जोडला की फट् करून ठिणगी उडते, वायरीच्या टोकाला काळा डाग पडतो, तांब्यावर बारीक खड्डा दिसतो. मी मध्ये साठ वॅटचा बल्ब घालतो. मग आवाज नाही, ठिणगी नाही. माझ्या मते बल्ब घातला की काही वाया जात नाही, सगळं गुमान दुसऱ्यात उतरतं.

निवृत्त_शिक्षिका_होटगी_रोड
अश्विनी, उत्तर बरोबर छापलंय. रोहनचं अर्धं बरोबर आहे आणि काकांनी जे सांगितलं त्यातच तुझ्या दुसऱ्या शंकेचं उत्तर आहे. क्रमाने घेते.

आधी स्लॅब. रोहन, "किती भाग भरला" यापेक्षा कोणत्या दिशेने भरला ते बघायचं. स्लॅबने प्लेटेचा पाऊण पृष्ठभाग झाकला असता आणि जाडी पूर्ण ४ मिमी असती, तर तुझं पॅरलल बरोबर होतं. इथे स्लॅबने सगळी प्लेट झाकली आहे, फक्त जाडी अपुरी आहे. एका प्लेटेकडून दुसरीकडे जाताना आधी हवा, मग स्लॅब ओलांडावा लागतो. म्हणजे ही सिरीज झाली. ३ मिमी स्लॅब हा ३ ÷ ३ = १ मिमी हवेइतकाच मोजायचा. वरची १ मिमी हवा धरून एकूण २ मिमी. अंतर निम्मं झालं, म्हणून कपॅसिटन्स दुप्पट, ६०० पिकोफॅरड. स्लॅब खालच्या प्लेटेला टेकलेला असो की मधोमध, यात फरक पडत नाही.

बॅटरी काढलेली आहे, त्यामुळे चार्ज १२० नॅनोकूलोमच राहतो आणि व्होल्टेज ४०० वरून २०० वर येतो.

```
before slab : ½ × 300 pF × 400² = 24 µJ
slab in     : ½ × 600 pF × 200² = 12 µJ
joined      : V = 120 nC / 800 pF = 150 V
              ½ × 800 pF × 150² = 9 µJ
```

तुझे १५ हे १२ आणि ३ मिळून झालेत आणि या दोन वाटा अगदी वेगळ्या आहेत. पहिले १२ उष्णता होऊन गेलेले नाहीत. कपॅसिटर स्लॅबला स्वतःच आत ओढतो. तुझा हात त्याला मागून धरून सावकाश आत जाऊ देतो, म्हणून ते १२ तुझ्या हाताने घेतले. स्लॅब परत बाहेर काढायचा झाला तर तेवढंच काम तुला करावं लागेल. जोडताना गेलेले मात्र फक्त ३ आणि ते तसे परत मिळत नाहीत.

आता काकांचा बल्ब. काका, तुमचं निरीक्षण सोन्यासारखं आहे, पण बल्ब घातला तरी तेवढंच वाया जातं. रेझिस्टन्स दहापट केला की करंट दहावा हिस्सा होतो आणि चार्ज सरकायला दहापट वेळ लागतो. उष्णता करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स अशी असते, म्हणून दर क्षणाची उष्णता दहावा हिस्सा आणि वेळ दहापट, बेरीज तीच. शेवटी R निघून जातो, म्हणून गणितात तो दिलेला नाही. नुसत्या वायरनं जोडलं तर ती ऊर्जा क्षणात एका टोकाशी ठिणगी, आवाज आणि वितळलेलं तांबं होऊन निघते. तो बारीक खड्डा त्याचाच. बल्बमध्ये ती सावकाश तारेत मुरते.

मोटर_वाइंडिंगवाले_काका
मॅडम, म्हणजे बल्बनं वाचवलं ते वायरीचं टोक, ऊर्जा नाही. हे पटलं.

अश्विनी_सोलापूर
खूप आभार मॅडम. रोहन, मी पण आधी असंच ७५० काढलं होतं आणि ते खोडून ६०० केलं होतं, पण का बरोबर आलं ते आत्ता समजलं.

एक अजून राहतंय. प्लेटांमधलं क्षेत्र तर सरळ वरून खाली असतं. मग स्लॅब आडवा आत कसा ओढला जातो?

निवृत्त_शिक्षिका_होटगी_रोड
सरळ असतं ते मधल्या भागात. कडेला क्षेत्राच्या रेषा बाहेर फुगतात, तिथे त्यांना आडवा घटक असतो. ओढ तिथूनच येते. पुस्तकातल्या आकृतीत कडा सरळ काढतात, त्यामुळे ही ओढ दिसत नाही.

रोहन_दुसरा_अटेम्प्ट
मॅडम, ६०० मान्य. पण रेझिस्टन्स खरोखरच शून्य असेल तर? सुपरकंडक्टरची वायर घेतली तर R निघून जातो असं म्हणायला R च नाही.

निवृत्त_शिक्षिका_होटगी_रोड
तिथे हे गणित थांबतं, कारण "शेवटी दोघांचा व्होल्टेज सारखा" हे आपण गृहीत धरलंय. वायरच्या लूपला थोडा तरी इंडक्टन्स असतोच. रेझिस्टन्स नसेल तर चार्ज १५० व्होल्टला न थांबता पुढे जाईल. एका टोकाला पहिला १०० आणि दुसरा ३०० व्होल्टवर पोचेल. त्या क्षणी ऊर्जा मोज, ३ आणि ९ मिळून पुरे १२ भरतात. मग सगळं उलट फिरेल. ही हालचाल थोडी थोडी ऊर्जा लहरींच्या रूपाने बाहेर टाकत हळूहळू शांत होईल. किती वेळ लागेल हे लूपच्या आकारावर आहे, ते मी इथे सांगू शकत नाही.

अश्विनी_सोलापूर
मी घरी एक पुढचं करून बघितलं. दोन्ही जोडलेले असतानाच स्लॅब बाहेर काढला, तर एकूण ५०० पिकोफॅरड, २४० व्होल्ट, ऊर्जा १४.४ मायक्रोज्यूल. म्हणजे हाताने ५.४ दिले. पण स्लॅब झटक्यात काढला तर? तेव्हा पहिला एकदम ३०० व्होल्टवर जाईल आणि दुसरा १५० वरच असेल, मग परत चार्ज सरकेल आणि परत काही जाईल ना?

रोहन_दुसरा_अटेम्प्ट
जाईल. मला १.३५ आले. म्हणजे झटक्यात काढायला हाताला ६.७५ द्यावे लागतील. पण "झटक्यात" म्हणजे कशाच्या तुलनेत, ते बसत नाहीये.

मोटर_वाइंडिंगवाले_काका
बल्ब मध्ये आहे की नुसती वायर, त्यावर नसेल का ते?