मदत हवी: एटीएमची हिरवी खाच हातात हलली, पण कार्ड आधीच घालून झालं होतं

मनीषनगर_४४
लवकर सांगा कोणी. दुपारी साडेतीनला मनीष नगरच्या एका एटीएममधून ५,००० काढले. कार्ड काढताना हात लागला तर कार्डाची हिरवी प्लास्टिकची खाच हलली. हा कार्डाची माहिती चोरणारा स्किमर आहे का? परत जाऊन ओढून पाहू?

बर्डी_कट्टा
चिपचं कार्ड आहे न भाऊ? मग काहून घाबरता. ३१ डिसेंबर २०१८ ही जुन्या पट्टीवाल्या कार्डांची शेवटची तारीख होती. चिपची नक्कल होत नाही.

मशीनवाला
चिपची नक्कल होत नाही हे बरोबर, पण तुमच्या चिपच्या कार्डाला मागे काळी पट्टी अजून आहे न? स्किमर तीच वाचतो. पट्टीची नक्कल कोऱ्या कार्डावर उतरवतात आणि जिथे मशीन अजून पट्टीवर व्यवहार करू देते तिथे वापरतात, बहुतेक परदेशात.

मनीषनगर भाऊ, हिरवी खाच म्हणजे स्किमर असं नाही. ती पुढे आलेली हिरवी खाच बँकांनीच बसवलेली असते, वर दुसरं काही चिकटवता येऊ नये म्हणून. म्हणून आधी हे सांगा: कार्ड मशीन पूर्ण गिळते की अर्धं बाहेर राहतं? खाचेत दिवा लुकलुकत होता का? बाजूला दुसरी मशीन होती का? पिन टाकताना वरून हात धरला होता का?

इतवारी_ठोक
मोबाइलचा ब्लूटूथ चालू करा. यादीत HC-05 दिसलं की समजा स्किमर. पेट्रोल पंपावरचा व्हिडिओ पाहिला आहे.

मशीनवाला
तो अमेरिकेतला प्रकार आहे. तिथे गिऱ्हाईक स्वतः पंपाच्या खाचेत कार्ड घालतो आणि स्किमर पंपाच्या आत दडवलेला असतो. आपल्याकडे पंपावर माणूस हातातली मशीन आणतो. एटीएमवरचे बरेच स्किमर माहिती आतल्याच मेमरीत साठवतात, ब्लूटूथ सोडतच नाहीत. यादीत काही दिसलं नाही म्हणून मशीन चांगली ठरत नाही.

काळजी_घ्या
कार्ड घालण्याआधी कॅन्सल दोनदा दाबायचं. पिन चोरायची सेटिंग रद्द होते. रिझर्व्ह बँकेचाच मेसेज आहे.

धरमपेठ_सायली
हा खोटा मेसेज आहे, कृपया पुढे पाठवू नका. बटण दाबून कॅमेरा बंद होत नाही, वर चिकटवलेलं प्लास्टिकही निघत नाही.

मनीषनगर_४४
कार्ड अर्धं बाहेर राहतं, आपणच घालायचं आणि ओढायचं. बाजूला त्याच बँकेची दुसरी मशीन आहे, तिची खाच पण हिरवी. तिच्यात दिवा लुकलुकत होता, माझ्या मशीनमध्ये नव्हता. हात नाही धरला, घाईत होतो. कार्ड पहिल्यांदा वाचलंच नाही, दुसऱ्यांदा घातलं तेव्हा चाललं. अजून पैसे गेल्याचा मेसेज नाही, म्हणजे सुटलो न?

मशीनवाला
हे आधी सांगायला पाहिजे होतं. एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर साधी आहे. दिवा जळालेला असू शकतो, कार्डावर धूळ असू शकते. पण खाच हलते, दिवा दिसत नाही आणि शेजारच्या मशीनमध्ये दिसतो, हे तिन्ही एकत्र आलं की संशय धरायचा. वरून टोपी बसवली की आतला दिवा झाकला जातो. तुमच्या नशिबाने तुलना करायला दुसरी मशीन शेजारीच होती. दोन मशीन असल्या की आधी दोन्ही खाचा पाहायच्या: रंगाची छटा, पुढे आलेला भाग, कडेची फट.

मूळ खाच आतून स्क्रूने आवळलेली असते. दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे आणि आपल्याकडे ओढायची, घट्ट बसलेल्या डब्याचं झाकण उघडतो तेवढ्या जोराने. स्किमर दुहेरी टेपवर बसवतात, तो पूर्ण तुकडाच सरकतो आणि कडेला टेप किंवा गोंद दिसतो. मूळ खाच तडकली असेल तर तडकलेला भाग हलतो, बाकी जागेवर राहते. तुमची कोणती हलली?

मनीषनगर_४४
पूर्ण हलली वाटते. थोडीशीच. नक्की नाही सांगता येत.

मानेवाडा_रोड
आमच्याकडच्या मशीनमध्ये कार्ड अडखळत, धक्के खात आत जाते. मग तिथे पण स्किमर आहे का?

मशीनवाला
कार्ड पूर्ण गिळणारी मशीन असेल तर ते धक्के मुद्दाम दिलेले असतात. पट्टी एकसारख्या वेगाने सरकली नाही की स्किमरला ती नीट वाचता येत नाही. त्याची काळजी नको.

बर्डी_कट्टा
म्हणजे ओढून पाहिलं की काम झालं.

मशीनवाला
नाही. काही स्किमर खाचेच्या आत सरकवतात, कार्डाइतकेच पातळ. बाहेरून दिसत नाहीत, ओढून हलत नाहीत. तिथे पिन लपवणं हाच उपाय, कारण पट्टी मिळाली तरी पिनशिवाय एटीएममधून पैसे निघत नाहीत.

पिनसाठी सुईच्या भोकाएवढा कॅमेरा असतो आणि त्याला कीपॅड दिसावा लागतो. म्हणून तिथूनच शोधायचं: स्क्रीनखालची किंवा वरची जास्तीची पट्टी, दिव्याची कड, माहितीपत्रकांची पेटी, कीपॅडच्या झाकणाची आतली बाजू. मोबाइलचा टॉर्च तिरपा मारला की भोकातली काच चमकते. भोक सापडलं नाही तरी दुसरा हात बोटांच्या अगदी वर, कीपॅडला टेकवून धरायचा. छातीजवळ धरलेल्या हाताच्या बाजूने कॅमेऱ्याला सगळं दिसतं.

धरमपेठ_सायली
पण कीपॅडवरच खोटा कीपॅड बसवला असेल तर हात धरूनही पिन जातो. पूर्ण उत्तर द्या.

मशीनवाला
बरोबर, ते राहिलं. खोटा कीपॅड आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा वर उचललेला असतो आणि बटणं मऊ, दबकी लागतात. कडेत नख घालून पाहायचं. पण नेहमीची मशीन असेल तरच हा फरक लवकर कळतो, नव्या जागी मी त्यावर विसंबणार नाही.

धरमपेठ_सायली
मनीषनगर दादा, मेसेज नाही म्हणून थांबू नका. चोरलेली माहिती लगेच वापरतातच असं नाही, दिवस-आठवडेही जातात. बरेचदा रात्री बाराच्या आगेमागे पैसे काढतात, म्हणजे दोन दिवसांची मर्यादा एका रात्रीत वापरता येते.

आत्ता बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर आधी बंद करा, मग एटीएम आणि स्वाइप. पिन ॲपमधून बदला, त्याच मशीनवर जाऊन नाही. मग कार्डामागच्या नंबरवर फोन करून कार्ड बंद करायला सांगा. एटीएमच्या भिंतीवर चिकटवलेला हेल्पलाइन नंबर लावू नका, तो कोणीही चिकटवू शकतो. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पैसे गेले तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० आणि बँक, दोन्हीकडे लगेच कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात अशा बाहेरच्या चोरीत बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी काही भाग ग्राहकावर येतो.

इतवारी_ठोक
कार्डच नेऊ नये. यूपीआयने क्यूआर स्कॅन करून पैसे निघतात, खाचेशी संबंधच नाही.

मानेवाडा_रोड
आणि दुकानातल्या क्यूआरवर दुसरं स्टिकर लावतात त्याचं काय? नाव वाचूनच पैसे पाठवायचे.

मनीषनगर_४४
परदेशी वापर चालूच होता, बंद केला. पिन बदलला. नुसतं एवढं पुरेल का, की कार्डच नवीन घ्यायचं?

बर्डी_कट्टा
पिन बदलला, बस झालं.

मशीनवाला
पट्टीवरची माहिती पिन बदलून बदलत नाही. परदेशात काही ठिकाणी पट्टी घासून, पिन न मागता सामान घेता येतं. ते तुम्ही परदेशी वापर बंद करून अडवलं आहे, पण कधी सहलीला जाताना चालू कराल. मी असतो तर नवीन कार्ड मागितलं असतं.

आणि परत जाऊन काही ओढू नका. लावणारा माणूस तो काढून न्यायला जवळपास असू शकतो. मशीनवर लिहिलेला एटीएमचा आयडी असेल तर तो आणि साडेतीनची वेळ बँकेला द्या. इंजिनिअर खाच उघडेल तेव्हाच नक्की कळेल.

मनीषनगर_४४
पावतीवर आयडी सापडला. फोन लावून राहिलो, अकरा मिनिटं झाली, होल्डवर आहे.