मदत हवी आहे: कोळशाऐवजी लाकूड जाळलं तर उत्सर्जन शून्य लिहायचं का?

ऊनसावली:
नमस्कार मंडळी. बुटीबोरीतल्या एका कापड प्रोसेसिंग युनिटमध्ये मी काम करते. इंधनाचे हिशेब माझ्याकडे असतात. यंदा बॉयलरला कोळसा बंद करून लाकूड सुरू केलं. पुरवठादार म्हणतो, "लाकूड कार्बन न्यूट्रल आहे, बिनधास्त शून्य लिहा." आता युरोपातल्या खरेदीदाराचा उत्सर्जनाचा फॉर्म आलाय आणि शून्य लिहायला हात धजत नाही. झाडानं हवेतून जे घेतलं तेच परत दिलं, इथवर समजतं. मग खोट कुठे आहे? लाकडात सुबाभूळ असते, आणि शेताच्या धुऱ्यावरची जुनी बाभळीची, कडुनिंबाची झाडंही असतात.

कोराडीरोड:
शून्यच लिहा. एक झाड तोडलं तरी आजूबाजूची वाढतच असतात. तोडीपेक्षा वाढ जास्त असली की झालं. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या हवामान मंडळाची देशांचं उत्सर्जन मोजायची पद्धत आहे, तिच्यातही ऊर्जेच्या खात्यात लाकडाचा CO2 धरत नाहीत.

भट्टीवाला:
कोराडीरोड भाऊ, शेवटचं वाक्य बरोबर आहे, पण अर्धंच. ऊर्जेच्या खात्यात धरत नाहीत, कारण झाड तोडलं तेव्हाच तो कार्बन जमिनीच्या खात्यात वजा झालेला असतो. दोनदा मोजू नये एवढाच हेतू. कारखान्याच्या फॉर्मवर जमिनीचं खातंच नसतं. तिथे शून्य लिहिलं की तो कार्बन कुठेच नोंदला जात नाही.

ताई, आकड्यांत बघा. तुम्हाला १०० गिगाज्यूल उष्णता हवी आहे. आयपीसीसीच्या गुणांकांनी कोळशातून साधारण ९.५ टन CO2 निघतो, लाकडातून ११.२ टन. म्हणजे चिमणीपाशी लाकूडच जास्त सोडतं. कोळसा जाळला असता तर बाभळी उभ्या राहिल्या असत्या. लाकूड जाळलं त्या दिवशी हवेत १.७ टन जादा गेले, हे कर्ज.

कर्ज फेडायला नवीन रोपं लावली, तरी पहिली काही वर्षं ती उभ्या बाभळीइतकंही शोषत नाहीत. त्यामुळे कर्ज आधी वाढतं आणि मग हळूहळू फिटतं. सुबाभळीच्या बुंध्याला लगेच धुमारे फुटतात, तिथे काही वर्षांत फिटेल. धुऱ्यावरची जुनी बाभूळ तोडून तिथे काहीच लावलं नाही, तर कधीच फिटणार नाही. आणि आजूबाजूची झाडं वाढतात म्हणता, ती तर तुम्ही तोडलं नसतं तरी वाढलीच असती. तुमच्या तोडीच्या नावावर ती जमा कशी करायची?

काटोलची_बाग:
आमच्याकडे अजून चूल आहे हो. संत्र्याच्या छाटणीचा काडीकचरा जाळतो. आम्हीही बंद करायचं का? धुरानं डोळे तर चुरचुरतातच.

भट्टीवाला:
धुराचा त्रास वेगळा, तो तब्येतीचा प्रश्न आहे आणि चूल बदलायला तेवढं कारण पुरेसं आहे. कार्बनचं म्हणाल तर छाटणीच्या काड्या बांधावर पडून कुजल्या असत्या, तरी काही वर्षांत बहुतेक कार्बन हवेतच गेला असता. झाड उभं आहे आणि पुन्हा फुटतंय. इथे कर्ज नावापुरतं.

ऊनसावली ताई, तुमच्यासाठीही हाच प्रश्न: हे इंधन जाळलं नसतं तर त्याचं काय झालं असतं? कापसाची शेवटची वेचणी झाली की आपल्याकडे पराटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटून शेतातच पेटवतात. त्याच पराटीच्या ब्रिकेट बॉयलरला लावल्या, तर हवेत जवळपास तेवढंच जातं आणि कोळसा वाचतो. उभं झाड तोडण्याशी याची तुलनाच नाही.

कोराडीरोड:
पण खेड्यात पराटीच सरपण असते. ती कारखान्यांनी उचलली तर माणसं झाडं तोडतील.

भट्टीवाला:
हा मुद्दा मान्य. गावोगावी चित्र वेगळं आहे, सरसकट उत्तर माझ्याकडे नाही.

ऊनसावली:
मग फॉर्मवर नेमकं काय लिहू?

भट्टीवाला:
कंपन्या उत्सर्जन मोजायला जीएचजी प्रोटोकॉल ही नियमावली वापरतात. तिच्यात उत्सर्जनाचे स्कोप नावाचे गट असतात. लाकडाचा CO2 त्या स्कोपच्या बेरजेत घेत नाहीत, पण तो वेगळ्या ओळीत पूर्ण लिहावाच लागतो. त्याच धुरातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र स्कोप १ मध्ये, म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या थेट उत्सर्जनात येतो. म्हणजे दोन्हीकडे शून्य नाही.

गाडी येते तेव्हा एकदा ओंडका बघा. भट्टीत टाकल्यावर टोकाला फेस येऊन चुरचुर आवाज आला, तर लाकूड ओलं आहे. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. मग टनामागे उष्णता वाळलेल्याच्या जेमतेम निम्मी मिळते, कारण त्या टनात लाकूडच निम्मं असतं, आणि थोडी उष्णता ते पाणी उडवण्यातही जाते. त्यामुळे काट्यावरच्या टनाला थेट गुणांक लावू नका. तुकडा तोलून ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पुन्हा तोला आणि पाणी वजा करून हिशेब करा. शिवाय पुरवठादाराकडून गाडीगणिक लिहून घ्या: कुठल्या गावचं, कोणतं झाड, तोडलेल्या जागी काय लावलं.

ऊनसावली:
शेवटचं विचारलं होतं. "लावतात शेतकरी" एवढंच म्हणाला, कागद काही दिला नाही. कुणाच्या ओळखीत पराटीच्या ब्रिकेट बनवणारं आहे का? मालकांपुढे दोन्हीचे भाव ठेवायचे आहेत.

काटोलची_बाग:
आमच्याकडे एक जण आहे, व्यक्तिगत निरोप पाठवते. पण पावसाळ्यात त्याच्याकडे माल नसतो, तेवढं आधी विचारा.