लातूरच्या डाळ मिलचा छोटा वार्षिक अहवाल काढायचाय, पत्रकार आणि मिलवाले आकडा उचलतील असा कसा करावा?

सॉर्टेक्सवाला_लातूर

नमस्कार मंडळी. मी लातुरात डाळ मिलच्या सॉर्टेक्स मशीनची, म्हणजे रंगावरून डाळ निवडणाऱ्या मशीनची, दुरुस्ती-देखभाल करतो. नऊ वर्षं झाली, एमआयडीसीतल्या आणि बाजार समितीजवळच्या बहुतेक मिलमध्ये माझं जाणं-येणं आहे. तुरीचा विषय पेटला की बातमीदार ओळखीच्या दोन व्यापाऱ्यांना फोन लावतात आणि ते सांगतील ते छापून येतं. मिल खरंच किती चालल्या, हे कुणी मोजत नाही.

गेल्या वर्षी मी मोजायचं ठरवलं. ३१ प्रश्न काढले, २४ पानांचा अहवाल केला, रंगीत छापला, व्हॉट्सअॅपवर सगळीकडे पाठवला. एकाही बातमीत त्यातला आकडा आला नाही आणि मिलवाल्यांनीही बाजूला ठेवला. माझ्या यादीत ८८ नावं होती. त्यातल्या १७ मिल बंद निघाल्या, म्हणजे चालू ७१. उत्तरं मिळाली ४३ जणांची.

यंदा परत करायलोय. किती जणांना विचारावं, काय विचारावं आणि कुणाला कसं पाठवावं, हे सांगा.

आकडेमोड

दादा, ४३ वर काहीच सिद्ध होत नाही. सर्वेक्षणाला किमान ४०० नमुने लागतात, तेव्हा कुठे चूक पाच टक्क्यांच्या आत येते. लातूर, उदगीर, नांदेड, हिंगोली सगळं धरा आणि ४०० गाठा. आणि अहवालात 'अधिक-उणे ५ टक्के' असं ठळक छापा, त्याशिवाय जाणकार माणूस विश्वास ठेवणार नाही.

गोदाकाठ

वार्षिक अहवाल असेल तर आधी सभेत ठराव घ्या आणि लेखापरीक्षकाची सही घ्या. आमच्या संस्थेचा अहवाल धर्मादाय कार्यालयात दोनदा अडकला होता. सही नसेल तर कुणी हात लावत नाही.

सॉर्टेक्सवाला_लातूर

काका, संस्थेचा अहवाल नाही हा. धंद्याची वर्षाची पाहणी म्हणतोय मी. पण सांगितलंत, आभार.

जुनी_वही

मी संभाजीनगरात एका उद्योजक संघटनेसाठी अकरा वर्षं अशी वार्षिक पाहणी केली. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ४०० चं. एकाला पाच टक्क्यांच्या वर्गाने भागलं की ४०० येतात, पण ते लाखोंच्या लोकसंख्येसाठी. तुमच्या मिलच ७१ आहेत. तेच सूत्र ७१ ला लावलं तर ६१ येतात. पण हे सूत्रही चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्यासाठी आहे. तुमच्याकडे ज्यांनी वेळ दिला ते ४३ आहेत, आणि ते बहुतेक तुमचेच ग्राहक असणार. अशा यादीवर 'अधिक-उणे ५ टक्के' छापणं म्हणजे ज्याची खात्री देता येत नाही त्याची खात्री देणं. ते छापू नका.

खरा प्रश्न वेगळाय. जे २८ जण बोलले नाहीत, ते या ४३ सारखेच आहेत का? हे तपासता येतं. सगळ्या ७१ बद्दल तुम्हाला न विचारताही दोन-तीन गोष्टी माहीत आहेत: मिल कुठे आहे, सॉर्टेक्स आहे की नाही, मोठी की छोटी. दोन्ही गट शेजारी मांडा. बोललेल्यांत सॉर्टेक्सवाले जास्त आणि न बोललेल्यांत कमी दिसले, तर तुमचा आकडा मोठ्या मिलकडे झुकलेला आहे हे नक्की.

मग त्या २८ मधून दहा चिठ्ठ्या काढा आणि त्या दहा मिलवर स्वतः जा. सगळे प्रश्न घेऊन बसू नका, एकच विचारा: गेल्या महिन्यात मिल किती दिवस चालली? समजा ४३ जणांची सरासरी १९ दिवस आली आणि या दहांची ९. तर ४३ गुणिले १९ अधिक २८ गुणिले ९ करा, ७१ ने भागा. १५ दिवस येतात. म्हणजे नुसते ४३ धरून तुम्ही १९ छापले असते आणि चार दिवसांनी चुकला असता. आमच्या पहिल्या वर्षी आमचं हेच झालं. जे बंद पडायच्या बेतात होते त्यांनीच फॉर्म भरला नव्हता, आणि आम्ही 'उद्योग सावरला' असं लिहून बसलो. सभेत एका सदस्याने बंद शेड्सची नावं वाचून दाखवली. पुढच्या वर्षी आमचा आकडा कुणी घेतला नाही.

आता काय विचारायचं ते. गेल्या वर्षी तुम्ही उतारा, म्हणजे क्विंटलभर तुरीतून किती किलो डाळ निघते ते, विचारला होता का?

सॉर्टेक्सवाला_लातूर

ताई, पहिलाच प्रश्न उताऱ्याचा होता. उत्तरं बघून मलाच काही कळलं नाही. कुणी ६२ लिहिले, कुणी ७६. शेजारी-शेजारी मिल, मशीन सारखंच.

जुनी_वही

कारण एकाने फक्त फटका, म्हणजे पहिल्या प्रतीची डाळ, धरला असेल आणि दुसऱ्याने सव्वा नंबर आणि तुकडाही त्यात मोजला असेल. दोघंही खरं बोलत असतील, पण त्यांची सरासरी कशाचीच नाही. शिवाय उतारा हे मिलवाल्याचं गुपित आहे, तो बरोबर का सांगेल?

मिल किती दिवस चालली याचं उत्तर लपवण्यासारखं नाही. सगळ्यांना एकाच अर्थाने कळतं आणि वीजबिलावरून पडताळताही येतं. महिन्याचे दिवस ३१ च्या वर जात नाहीत, त्यामुळे एखाद्या भल्यामोठ्या मिलमुळे सरासरी फुगत नाही. क्विंटल विचारलेत तर मात्र सरासरी घेऊ नका. सगळी उत्तरं चढत्या क्रमाने लावा आणि मधलं घ्या.

'असर'चा अहवाल बघा. २००५ पासून ते खेड्यांतल्या मुलांना वाचायला देतात. पाचवीतल्या किती मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो, एवढं एक वाक्य सगळ्या देशाला पाठ झालं. एका जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं. म्हणून ते जिल्ह्याच्या खाली, तालुक्याचा आकडा देत नाहीत. आणि मुलांना वाचायला दिलेला मजकूर अहवालात छापलेला असतो, कुणीही आपल्या घरी तपासून बघावं. तुमचाही प्रश्न जसा विचारलात तसा, शब्दन्शब्द छापा.

तो प्रश्न दरवर्षी तोच ठेवा, महिनाही तोच. आम्ही तिसऱ्या वर्षी 'कामगार' शब्दाच्या जागी 'कायम कामगार' केलं, नेमकेपणा यावा म्हणून. कामगारसंख्या एकदम खाली आली आणि वर्तमानपत्रात कपातीची बातमी लागली. कपात झालीच नव्हती.

तालुका_बातमीदार

मी बातमी देणाऱ्या बाजूने लिहितो, कारण गेल्या वर्षी तुमची पीडीएफ माझ्याकडे आली होती.

ती श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली होती. एक ओळ कॉपी केली तर नुसती चिन्हं आली. संध्याकाळी सात वाजता माझ्याकडे २४ पानं बघून टाइप करायला वेळ नसतो. गुगलवर शोधलं तरी तो मजकूर सापडत नाही, कारण मशीनला ती अक्षरं मराठी वाटतच नाहीत. युनिकोडमध्ये करा आणि तोच मजकूर एका साध्या वेबपानावरही ठेवा. त्या पानाचा पत्ता वर्षानुवर्षं बदलू नका. पुढच्या वर्षी नवा अहवाल आला की मी जुन्या बातमीतला दुवाच उघडतो.

दुसरं, वाक्य तुम्हीच लिहून द्या. "लातूर शहर व एमआयडीसीतील चालू ७१ डाळ मिलपैकी ५३ मिलकडून घेतलेल्या माहितीनुसार, नोव्हेंबरमध्ये मिल सरासरी अमुक दिवस चालल्या." हे वाक्य मी जसंच्या तसं घेईन. तुम्ही ठिकाण लिहिलं नाहीत तर डेस्क मथळ्यात 'मराठवाड्यातील' टाकणार, कारण ते मोठं दिसतं. मग परभणीचा मिलवाला फोन करतो आणि ऐकून मला घ्यावं लागतं. शक्यतो टक्केवारीही देऊ नका, 'इतक्यांपैकी इतके' द्या.

वेळ म्हणाल तर जानेवारी. नवी तूर बाजारात येते, आयातीचा विषय निघतो, हमीभावाखाली दर गेला की मोर्चे निघतात. २०२५-२६ चा तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये होता; हमीभावाखाली दर दिसला की आम्ही सगळेच आकडा शोधत असतो. दोन दिवस आधी द्या आणि कधी छापायचा ते स्पष्ट लिहा. खाली एक फोन नंबर द्या, पण तो उचलणारा माणूस हवा. आणखी एक. ज्या दोन-तीन मिल आपल्या नावानिशी बोलायला तयार आहेत, त्यांना आधी विचारून ठेवा. नुसत्या आकड्यावर बातमी उभी राहत नाही.

उदगीरकर_मिल

मी मिल चालवतो आणि गेल्या वर्षी दुसऱ्या एका पाहणीत मी माहिती दिली होती. आमच्या भागातून तिघांनीच उत्तर दिलं होतं आणि त्यांनी तिघांची एकूण खरेदी छापली. बाकीचे दोघं एकमेकांचे साडू आहेत. दोघांनी आपले आकडे वजा केले आणि माझी खरेदी त्यांना कळली. आडत्याने दुसऱ्या दिवशी मला माझाच आकडा सांगितला. त्यानंतर मी कुणालाच काही सांगत नाही. तुम्ही सांगा, मी तुम्हाला का द्यावं?

जुनी_वही

भाऊ, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. हा धोका लोक विसरतात. आमचा नियम असा होता की पाचपेक्षा कमी उत्तरं असलेला तक्त्यातला कप्पा छापायचाच नाही, शेजारच्या कप्प्यात मिसळायचा. पाच असूनही एकच मिल फार मोठी असेल तर बेरीज द्यायची नाही, कारण बेरीज म्हणजे जवळजवळ तिचाच आकडा. आणि एक कप्पा झाकून बाजूला एकूण छापलं तर वजाबाकीने तो उघडा पडतो, तेही बघायचं.

सॉर्टेक्सवाले दादा, पुढच्या महिन्यात तूर कितीला घेणार, असं कधीही विचारू नका. एकाच बाजारातल्या खरेदीदारांचे पुढचे भाव एकमेकांपर्यंत पोचवणं स्पर्धा कायदा, २००२ च्या कक्षेत येऊ शकतं. झालेल्या महिन्याबद्दलच विचारा.

आकडेमोड

४०० बद्दल माझं चुकलं, मान्य. पण एक शंका राहतेच. सॉर्टेक्सची सेवा विकणारा माणूस म्हणाला की सॉर्टेक्सवाल्या मिल जास्त दिवस चालल्या, तर मी ते जाहिरातच समजेन. अहवाल मिल असोसिएशनच्या नावाने काढावा.

तालुका_बातमीदार

मला उलट वाटतं. असोसिएशनच्या नावाने आला की मागणीपत्र वाटतं, 'मिल बंद पडायलेत, सवलत द्या' असं. स्वतःच्या नावाने काढा, पण पहिल्याच पानावर लिहा की मी या मिलना सेवा विकतो. आणि सॉर्टेक्स असलेल्या-नसलेल्यांची तुलना मथळ्यात आणू नका.

जुनी_वही

यावर माझं मत पक्कं नाही. आमच्याकडे संघटनेच्या नावाने उत्तरं जास्त यायची, पण बाहेरचे लोक आकडा जपून वापरायचे.

सॉर्टेक्सवाला_लातूर

नावाचं अजून ठरत नाही, असोसिएशनच्या सचिवांशी बोलून बघतो. बाकीचं ठरलं. प्रश्न चार: नोव्हेंबरात किती दिवस चालली, गेल्या नोव्हेंबरात किती, बंद राहिली तर मुख्य कारण काय, आणि कामावर माणसं किती. ३१ वरून चारवर आलो. २८ मिलच्या नावांच्या चिठ्ठ्या आज रात्री मुलीकडून काढून घेतो. सोमवारपासून त्या दहा ठिकाणी जातोय. दोन पानं, युनिकोडमध्ये.

उदगीरकर भाऊ, यंदा लातूर शहर आणि एमआयडीसी एवढंच करतोय, उदगीर घेत नाही. पुढच्या वर्षी तिकडून पाचपेक्षा जास्त जण तयार झाले तरच येईन, आणि छापण्याआधी तक्ता तुम्हाला दाखवीन.

उदगीरकर_मिल

या. तक्ता बघून सांगतो.